मुरघासाची भिंत

'मुरणे' हे मराठीतले मोठे गुणी क्रियापद आहे. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, माणूस एखाद्या धंद्यात मुरतो. या साऱ्या मुरण्यांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे ते डोळ्यांआड होते. बरणीला दादरा बांधला की आत काय चालले आहे ते कोणी पाहू नये, अशी रीत आहे. दर चार दिवसांनी झाकण काढून पाहणाऱ्याचे लोणचे बुरसते, हे आमच्या आजीला कोणतेही शास्त्र न शिकता ठाऊक होते. जनावरांचा हिरवा चारा याच रीतीने टिकवतात आणि त्याला मुरघास म्हणतात. घास म्हणजे चारा आणि घास म्हणजे तोंडातला कवळ. दोन्ही अर्थ या एका शब्दात सुखाने नांदतात.

शहरातल्या वाचकांना हे प्रकरण अपरिचित असेल म्हणून थोडे आधीपासून सांगतो. आमचा मुलूख माणदेशाच्या कडेचा, अवर्षणाचा. पाऊस झालाच तर दिवाळीपर्यंत बांध हिरवे दिसतात. मग विहिरी आटत जातात, आणि फाल्गुनापासून पुढचा पाऊस येईपर्यंत जनावरांपुढे कडबा असतो. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे. खिलारी बैल त्यावर उन्हाळा काढतो. पण दिवसाला दहा लिटर दूध देणारी संकरित गाय निव्वळ कडब्यावर नुसती जगते, दूध देत नाही. तिला ओला चारा लागतो. तेव्हा पावसाळ्यातला ओला चारा उन्हाळ्यापर्यंत ओलाच कसा ठेवावा, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे, आणि मुरघास हे त्याचे उत्तर आहे.

माझी थोरली बहीण सांगोल्याकडच्या एका वस्तीवर राहते. दाजी गेले त्याला पुष्कळ वर्षे झाली. आक्काने त्यानंतर चार गायींवर घर चालवले. डेअरीचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो, आणि त्या दहा दिवसांत किती दूध गेले त्यावर किराणा, पेंडीची उधारी आणि नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीची फी ठरते. 2022 च्या पावसाळ्यात आक्काने पंचवीस गुंठे मका केला आणि खड्ड्यात मुरघास घालायचे ठरवले. मी शाळेला सुटी होती म्हणून गेलो. हातभार लावण्यापेक्षा पाहिलेच अधिक.

तिचा हिशेब सरळ होता. एका गायीला दिवसाला वीस किलो मुरघास. चार गायींना ऐंशी. फेब्रुवारीच्या मध्यापासून शंभर दिवस धरले तर आठ हजार किलो. त्यात नासधूस आणि घट म्हणून वर काही धरले की झाले नऊ हजारांच्या पुढे, म्हणजे सव्वानऊ टन. चांगला दाबलेला मुरघास एका घनफुटात पंधरा-सोळा किलो बसतो. तेव्हा खड्डा पाहिजे पावणेसहाशे घनफुटांचा. आठ फूट रुंद, चार फूट खोल, अठरा फूट लांब. गुणाकार अचूक आहे. मी मुलांना असे पुष्कळ घालतो. रुंदी आठ का, तर शेजारच्या तात्यांचा ट्रॅक्टर आत फिरला पाहिजे म्हणून. खड्ड्याची दोन्ही टोके उतरती ठेवली होती, ट्रॅक्टर एकीकडून उतरावा आणि दुसरीकडून वर यावा म्हणून. हा आठ फुटांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मका कधी तोडायचा, हा पहिला प्रश्न. फार कोवळा तोडला तर त्यात पाणी जास्त. खड्ड्यातून रस पाझरतो, आणि रसाबरोबर साखर जाते. फार जून होऊ दिला तर ताटे कडक, पोकळ. कितीही तुडवली तरी मधे हवा राहते. चाऱ्यात शंभरातले पासष्ट ते सत्तर भाग पाणी असावे. शेतात उभ्या मक्याचे पाणी कसे ओळखायचे? कणीस सोलून मधोमध मोडायचे आणि दाणा पाहायचा. दाण्याचा वरचा भाग पिवळा, टणक होत येतो, खालचा दुधाळ असतो, आणि दोहोंच्या मधे एक रेघ दिसते. ती रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की विळा काढावा. ज्वारीला अशी रेघ नसते. तिथे दाणा नखांत चिरडून पाहतात. दूध न येता घट्ट चीक आला म्हणजे वेळ झाली. ज्वारी त्याआधी घाईने तोडू नये याला आणखी एक कारण आहे. कोवळ्या ज्वारीत विष असते, जनावराला किराळ लागते, हे आमच्याकडचा गुराखीही सांगेल.

तोडल्यावर दुसरी परीक्षा मुठीची. कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. बोटांतून रस गळला आणि गोळा तसाच राहिला, तर पाणी जास्त. मूठ उघडताच कुट्टी भुसभुशीत होऊन सांडली, तर फार सुकलेली. हात ओला व्हावा पण गळू नये, आणि गोळा सावकाश, जणू नाइलाजाने उमलावा. त्या दिवशी आक्काच्या हातातला गोळा असा उमलला आणि ती म्हणाली, "आता झालं बग. लावा मशीन."

कडबाकुट्टी सकाळी सुरू झाली. तुकडे अर्ध्या ते पाऊण इंचाचे. लांब तुकडे दबत नाहीत, आणि जे दबत नाही ते टिकत नाही. खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला होता. सहा-सहा इंचांचा थर पसरायचा आणि त्यावरून ट्रॅक्टर संथपणे मागेपुढे न्यायचा, मग पुढचा थर. कडेला चाक पोचत नाही, म्हणून भिंतीलगत चार माणसे पायांनी तुडवीत होती. नुसती ओतलेली कुट्टी एका घनफुटात जेमतेम सात-आठ किलो भरते. तीच तुडवून सोळांवर न्यायची. म्हणजे आपण चारा भरीत नसतो, हवा काढीत असतो.

हवेशी एवढे वैर का, ते समजण्यासाठी खड्ड्यात काय घडते ते पाहिले पाहिजे. माझे रसायनशास्त्र शाळेपुरतेच, पण जनावरांच्या डॉक्टरांनी ते मला समजेल अशा भाषेत सांगितले. मका कापला म्हणजे लगेच मेला असे नाही. त्याच्या पेशी काही तास श्वास घेतच राहतात. आत अडकलेली हवा ओढतात, आपलीच साखर जाळतात, आणि ऊब सोडतात. हवा थोडी असेल तर ती लवकर संपते. मग दह्याला विरजण लागते त्याच जातीच्या जंतूंचा अंमल सुरू होतो. ते मक्याच्या ताटावर शेतातूनच आलेले असतात. त्यांना हवा लागत नाही, साखर मात्र लागते. ते साखरेचे लॅक्टिक ॲसिड करतात, म्हणजे दह्यातला आंबटपणा. आंबटपणा मोजण्याचा जो पीएच नावाचा आकडा आहे, तो साध्या पाण्याचा सात असतो, हिरव्या मक्याचा सहाच्या आसपास. चांगल्या खड्ड्यात तो दोन-तीन आठवड्यांत चारवर किंवा त्याहून खाली येतो. तेवढ्या आंबटात कुजवणारे जंतू तग धरत नाहीत, आणि शेवटी हे आंबट करणारेही आपला व्यवहार आटोपता घेतात. सारे शांत होते. याला मुरणे म्हणायचे.

आंबटपणा पुरेसा आला नाही, म्हणजे चारा फार ओला होता किंवा साखर कमी पडली, तर दुसऱ्या एका जातीचे जंतू शिरजोर होतात. तेही हवेवाचून जगतात, पण ते तयार झालेले लॅक्टिक ॲसिडच खातात, आणि मागे ठेवतात एक खवट, कुजका वास. असा मुरघास हातात घेतला तर दोनदा साबण लावूनही वास जात नाही. मक्यात साखर भरपूर आणि आंबटपणाला अडवणारी प्रथिने थोडी, म्हणून मक्याचा मुरघास सहसा आपोआप जमतो. घासाचा, म्हणजे लसूणघासाचा, तसा जमत नाही. फिनलंडमधल्या आर्तुरी विर्तानेन या शास्त्रज्ञाने अशा न जमणाऱ्या चाऱ्यावर बाहेरून पातळ आम्ल शिंपडून तो टिकवण्याची रीत काढली, आणि 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मुख्यतः त्या कामाला मिळाले. गायीच्या वैरणीसाठी नोबेल मिळाले हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा प्रथमच सरळ बसला.

आक्काचा खड्डा दुसऱ्या दिवशी दुपारी भरून झाला. वर दीड फूट उंच, कासवाच्या पाठीसारखा फुगीर ढीग केला, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना निथळावे. त्यावर जाड प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर सहा इंच माती, भोवती चर. आठवड्याने ढीग बसला आणि मातीला भेगा पडल्या, त्या तिने लिंपून घेतल्या. उंदराचे बीळ पडू नये, कुत्र्याने उकरू नये, म्हणून ती रोज संध्याकाळी एक फेरी मारी. पंचेचाळीस दिवसांनी उघडता आला असता, पण ओला चारा होता तोवर तिने हात लावला नाही.

2023 च्या फेब्रुवारीत खड्डा उघडला. रंग पिवळसर हिरवा, वास आंबट-गोड, मुरत आलेल्या आंबिलीसारखा. गायींनी पहिल्या दिवशी हुंगून सोडला, तिसऱ्या दिवशी दावे ताणून मागू लागल्या. अडतीस लिटर दूध टिकून राहिले. आक्काने मला फोन करून सांगितले, त्या आवाजात मी पुष्कळ दिवसांनी हसू ऐकले.

मार्च लागला आणि खड्ड्याच्या उघड्या तोंडाशी, म्हणजे ज्या भिंतीतून चारा काढायचा तिच्यात, हात घातला तर कोमट लागू लागले. सकाळच्या गारव्यात भिंतीतून वाफ निघे. आंबिलीच्या वासात ताडीचा वास मिसळला. मग पांढरी बुरशी, आधी वरच्या कोपऱ्यांत, नंतर मधेही. आक्का रोज पाटीभर चारा उकिरड्यावर टाकू लागली. बुरशीचा चारा गाभण गायीला घालायचा नाही हे तिला माहीत होते, आणि उरलेला गायी मनापासून खात नव्हत्या. एप्रिलच्या मध्याला दूध एकतीस लिटरांवर आले. सात लिटर म्हणजे काय ते डेअरीच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांनी दिसे. मेमध्ये तिने उसाचे वाढे विकत घेतले, आणि भाचीच्या फीसाठी कानातले गहाण पडले.

तात्यांचे मत असे की वर माती कमी पडली. शेजारणीचे मत, दृष्ट लागली. डॉक्टरांनी भिंतीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून हुंगला, आणि एकच विचारले, "रोज किती इंच निघतं हो?"

हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हिशेब मांडला. रोज ऐंशी किलो म्हणजे पाच घनफूट. भिंत आठ फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे बत्तीस चौरस फूट. पाच भागिले बत्तीस. रोज दोन इंचसुद्धा भिंत मागे सरकत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "खड्डा तुम्ही उत्तम भरला होता. बिघडला तो उघडल्यावर. मुरलेल्या चाऱ्यात यीस्ट झोपलेलं असतं. हवा लागली की ते जागं होतं आणि जे लॅक्टिक ॲसिड चाऱ्याला राखतंय, तेच खायला लागतं. ॲसिड कमी झालं की बुरशीला रान मोकळं. हवा काही भिंतीच्या तोंडाशीच थांबत नाही, आत शिरते. दोन फूट शिरते असं धरा. रोज दोन इंच काढलंत, तर गायीच्या तोंडी जाणारा प्रत्येक घास आधी बारा दिवस हवेत असतो. रोज चार इंच काढलंत तर सहा दिवस. सहा इंच काढलंत तर चारच दिवस. थंडीत चार इंच चालतात. चैत्र-वैशाखात सहा पाहिजेत."

आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी गायीच्या आधी हवाच जेवती."

मला वाटते, या सगळ्या विद्येचे सार त्या वाक्यात आले. खड्ड्याचे घनफळ चाऱ्यावरून ठरते. खड्ड्याचे तोंड मात्र चाऱ्यावरून ठरत नाही. ते दावणीला किती गायी आहेत त्यावरून ठरते. चाळीस गायींच्या गोठ्याला आठ फुटी भिंत शोभते, कारण तिथे ती रोज दीड-पावणेदोन फूट मागे जाते. चार गायींना ती परवडत नाही. आणि गंमत अशी की भिंत रुंद ठेवली ती चांगले दाबण्यासाठी, ट्रॅक्टर आत जावा म्हणून. भरताना हवेला हाकलणारी रुंदी उघडताना तिलाच आवतण देऊन बसली.

2023 चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला. विहिरीच्या पाण्यावर आक्काने तेवढाच मका जगवला. सप्टेंबरअखेर त्याची खालची पाने करपून गेली, आणि लांबून पाहणाऱ्याला पीक वाळले असे वाटे. तात्या रोज येऊन सांगत, "आक्के, मका हातचा चालला. उद्या तोड." कणसे अर्धीमुर्धी भरलेली, दुधाची रेघ कुठे दिसे, कुठे नाही. मुठीचाही भरवसा वाटेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली तव्याची रीत तिने केली. शेतातून पाच-सहा ठिकाणची ताटे आणून कुट्टी केली, नीट कालवली, त्यातली शंभर ग्रॅम किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली, आणि लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवीत सुकवली. करपू द्यायची नाही. थोड्या थोड्या वेळाने वजन करायचे. दोन वेळा वजन तेच भरले की पाणी संपले. शेवटी काटा अठ्ठावीसवर थांबला. म्हणजे वाळलेल्या दिसणाऱ्या त्या मक्यात शंभरातले बहात्तर भाग पाणी होते. पाने करपली तरी ताट पाणी धरून बसते. दुष्काळातला मका दिसतो त्याहून ओला असतो, हे त्या तव्याने दाखवले.

थांबणे सोपे नव्हते. उभ्या पिकाकडे पाहत आठवडाभर गप्प बसायचे, आणि वस्तीवरचा जो तो येऊन सांगतो की तोड. आठव्या दिवशी पुन्हा तवा ठेवला. तेहतीस ग्रॅम उरले, म्हणजे पाणी सदुसष्ट. त्याच दुपारी तोडणी लागली.

या खेपेला खड्डा निम्म्या रुंदीचा खणला होता. चार फूट रुंद, चार फूट खोल, बावीस फूट लांब. भिंत सोळा चौरस फुटांची. रोजच्या पाच घनफुटांना ती पावणेचार इंच मागे सरकणार, फेब्रुवारी-मार्चला पुरते. ट्रॅक्टर त्यात उतरणे शक्य नव्हते. म्हणून थर सहाऐवजी चार इंचांचे केले, आणि आठ माणसे खांद्याला खांदा लावून दोन दिवस तुडवीत राहिली. माझ्या भाचीने मैत्रिणी आणल्या होत्या. पायांखाली जागा दबते आहे की नाही हे पाहायला आक्का मधेच अंगठा खुपसून बघे. अंगठा सहज गेला की ती काही न बोलता त्या पोरीकडे पाही, आणि पोरगी पुन्हा उड्या मारू लागे.

या खड्ड्यात साडेपाच टनांवर चारा बसला, घट जाता साठ दिवसांचा. उरलेले चाळीस दिवस ऐन उन्हाचे. त्या दिवसांसाठी तिने खड्डा केलाच नाही. पाचशे किलोच्या सात पिशव्या आणल्या, आत जाड प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या. प्रत्येकीत एक माणूस उभा राहून तुडवी आणि बाकीचे वरून ओतीत. तोंड पिळून, हवा काढून, दुहेरी बांधले. पाचशे किलोची पिशवी चार गायी सहा दिवसांत संपवतात. वरून रोज सहा-सात इंचांचा थर निघतो, आणि एक पिशवी बिघडली तरी बाकीच्या सहा बंदच असतात. पिशवीचा खर्च खड्ड्याहून जास्त येतो, आणि उंदराने एक भोक पाडले की आतला चारा गेला, म्हणून त्या तिने माळ्याखालच्या पडवीत, मांजराच्या वाटेवर ठेवल्या.

2024 च्या फेब्रुवारीत खड्डा उघडला. आता चारा काढण्याचीही रीत बदलली होती. पूर्वी कुदळीने ओढून काढत, त्याने मागची भिंत खिळखिळी होई आणि हवा आणखी आत शिरे. आता धारदार खुरप्याने वरपासून खालपर्यंत सरळ काप घ्यायचा, भिंत कापलेल्या खरवसासारखी उभी राहिली पाहिजे. खाली सांडलेले त्याच दिवशी घालायचे, उद्यावर ठेवायचे नाही. प्लॅस्टिक रोज लागेल तेवढेच मागे गुंडाळायचे. भिंतीवर हात ठेवण्याची सवय आक्काला लागली होती. गायीच्या कानाला हात लावून ताप पाहावा तशी ती रोज सकाळी भिंतीला हात लावी. मार्चच्या शेवटी एकदा वरचा उजवा कोपरा कोमट लागला. तिने त्या दिवशी तो कोपरा दीड वीत जास्त कापला, आणि दुसऱ्या दिवशी भिंत गार होती.

एप्रिलच्या मध्याला खड्डा संपला आणि पहिली पिशवी सुटली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे चारा सोन्याच्या भावाने गेला. वस्तीवरच्या दोन दावणी बाजारात रिकाम्या झाल्या. आक्काचे दूध मेअखेर छत्तीस लिटरांवर होते. सातपैकी एका पिशवीच्या तळाशी दोन पाट्या बुरशी निघाली. ती तिने खड्ड्यात पुरली. कानातले त्या आधीच सुटून आले होते.

परवा मी गेलो तेव्हा तिने नवा हिशेब मांडला होता. पाचवी गाय घ्यावी का, असा. मी विचारले, कर्ज काढून? ती म्हणाली, "कर्जाचं बगू. पर पाच गाया झाल्या की भित्ताड रोज पावणेपाच इंच सरकतंय. मार्चात सुदिक गरम व्हायचं न्हाई." गाय घेण्याची कारणे मी आजवर पुष्कळ ऐकली, पण भिंतीसाठी गाय घेणारी बाई प्रथमच पाहिली. मी पाटीवर गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.